घरपट्टी ऑफिस काढतं, मग इन्कम टॅक्स आपणच का काढायचा?

ज्यांना लोकलमधल्या गर्दीत इअरफोन लावायलाही जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना जे इकडेतिकडे झालं होतं, ते थोडं सरळ करून लिहिलंय.

सुरुवात एका व्हॉइस नोटपासून करू. आपली एक श्रोती आहे, नालासोपाऱ्याची. रोज अंधेरीला जाते, सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. तिचं नाव सांगत नाही. ती म्हणाली, "दादा, माझ्याकडे दोन फॉर्म १६ आहेत, कारण मी वर्षाच्या मध्येच नोकरी बदलली. दोन्हींवर टॅक्स शून्य. तरी पोर्टलवर रिटर्न भरायला बसले तर खाली चौऱ्याहत्तर हजार भरा म्हणून येतंय. दोन्ही एचआर म्हणतात, आमचं बरोबर आहे. मग चुकलं कोण? आणि घरपट्टीचं कसं, महापालिका बिल पाठवते, आपण भरतो, विषय संपतो. इन्कम टॅक्सवाले तसं बिल का नाही पाठवत?"

तिने एका दमात दोन प्रश्न विचारलेत, आणि दोन्हींचं उत्तर एकच आहे. आधी घरपट्टी बघू, कारण ती सोपी आहे.

घरपट्टी: मोजणारे ते, भरणारे आपण

वसई-विरार महापालिका झाली २००९ साली, वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावं एकत्र करून. तिची घरपट्टी कशी ठरते? तुम्ही काहीही गणित करत नाही. महापालिकेचा माणूस इमारत बघतो. खोली किती मोठी आहे, राहायला आहे की दुकान आहे, स्वतः राहता की भाड्याने दिलीय, हे नोंदवतो. त्यावरून ऑफिस ठरवतं की ही जागा भाड्याने दिली तर वर्षाला किती भाडं यावं. कायद्याप्रमाणे त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करतात. उरतं त्याला म्हणतात करयोग्य मूल्य.

समजा, वर्षाचं भाडं २०,००० रुपये धरलं. दहा टक्के गेले, म्हणजे करयोग्य मूल्य झालं १८,०००. मग या १८,००० वर सामान्य कर, पाण्याशी संबंधित कर, शिक्षण कर वगैरे ठरलेल्या टक्क्यांनी लावायचे आणि बेरीज करायची. तेच तुमचं बिल. वर्षाचे दोन भाग, एक एप्रिलपासून आणि दुसरा ऑक्टोबरपासून. बिल थकलं तर महिन्याला दोन टक्के शास्ती.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. बिलावरचा आकडा चुकीचा वाटला तर तक्रार *तुम्ही* करायची असते. खोली ४०० चौरस फुटांची असून ५५० लिहिलीय, किंवा स्वतः राहताय आणि भाडेकरू दाखवलाय, तर प्रभाग समितीच्या ऑफिसात लेखी हरकत द्यायची. पण ऑफिसने आकडा ठरवेपर्यंत तुमच्याकडून कर येणं नसतं. आधी आकारणी, मग कर. या पद्धतीला म्हणतात अधिकाऱ्याने केलेली आकारणी.

ही पद्धत इथे का चालते? कारण घर लपत नाही. विरार पूर्वेला सात मजली बिल्डिंग उभी असेल तर ती रस्त्यावरून दिसते. तिची माहिती मिळवायला ऑफिसला तुमच्यावर विश्वास ठेवावा लागत नाही, टेप घेऊन माणूस पाठवला की झालं.

पण हिच्यात एक दुखणंही आहे. माणूस यायला हवा! शहर जितक्या वेगाने वाढतं, तितक्या वेगाने टेप घेतलेली माणसं वाढत नाहीत. मग नव्या खोल्या नोंदीत उशिरा येतात, आणि घराचं दुकान झालं तरी बिल घराचंच येत राहतं. आणखी एक, आपल्या भागात हे नीट समजून घ्या: आकारणी करणारा माणूस जे उभं आहे ते मोजतो. बांधकाम अधिकृत आहे की नाही, याचा दाखला तो देत नाही. अनधिकृत बांधकामालाही घरपट्टी लागते, वर कायद्यात दंडाची तरतूदही आहे. म्हणून "घरपट्टीची पावती आहे, म्हणजे बिल्डिंग लीगल आहे" असं कुणी सांगून खोली विकत असेल तर तिथून उठा.

इन्कम टॅक्स: माहिती तुमच्या खिशात

आता त्या मैत्रिणीच्या पगाराकडे. पगार रस्त्यावरून दिसत नाही. तिने एप्रिल ते सप्टेंबर २०२५ पहिल्या कंपनीत काम केलं, महिना १ लाख. सहा महिन्यांचे झाले ६ लाख. ऑक्टोबरपासून मार्च २०२६ पर्यंत दुसऱ्या कंपनीत, महिना सव्वा लाख, म्हणजे साडेसात लाख. वर्षाची बेरीज साडेतेरा लाख. बाकी कुठलं उत्पन्न नाही असं धरू, आणि दोन्हीकडे नवी कर प्रणाली.

आता प्रत्येक कंपनीला काय दिसलं ते बघा.

पहिल्या कंपनीने एप्रिलमध्ये अंदाज केला: महिना १ लाख, म्हणजे वर्षाचे १२ लाख. पगारदारांना ७५,००० ची सरसकट वजावट मिळते, ती वजा केली, उरले ११,२५,०००. नव्या प्रणालीत २०२५-२६ साठी करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सूट मिळून टॅक्स शून्य होतो. म्हणून त्यांनी काहीच कापलं नाही. बरोबर.

दुसऱ्या कंपनीला फक्त आपले सहा महिने माहीत. साडेसात लाख, वजा ७५,०००, उरले ६,७५,०००. तेही १२ लाखांच्या आत. टॅक्स शून्य. तेही बरोबर.

आता दोन्ही एकत्र करू. १३,५०,००० मधून वजावट एकदाच मिळते, कारण माणूस एकच आहे. उरले १२,७५,०००. ही रक्कम १२ लाखांच्या वर गेली, त्यामुळे ती सूट गेली, आणि टॅक्स पहिल्यापासून मोजायचा. पहिले ४ लाख, काही नाही. ४ ते ८ लाख, पाच टक्के, म्हणजे २०,०००. ८ ते १२ लाख, दहा टक्के, म्हणजे ४०,०००. वरचे ७५,००० पंधरा टक्क्यांनी, म्हणजे ११,२५०. बेरीज ७१,२५०. त्यावर चार टक्के उपकर, २,८५०. एकूण ७४,१००.

तर पोर्टल बरोबर आहे, आणि दोन्ही एचआरही बरोबर आहेत. प्रत्येकाने आपल्याला दिसलेल्या अर्ध्या चित्राचा टॅक्स काढला. पूर्ण चित्र सुरुवातीपासून फक्त एका व्यक्तीकडे होतं, तिच्याकडे. म्हणूनच कायदा म्हणतो, शेवटचा हिशेब तू कर.

यालाच म्हणतात स्वयं-निर्धारण, इंग्रजीत सेल्फ असेसमेंट. उत्पन्न तुम्ही जाहीर करायचं, टॅक्स तुम्ही मोजायचा, कापलेला टीडीएस वजा करून उरलेला तुम्ही भरायचा, आणि मगच रिटर्न द्यायचा. घरपट्टीच्या बरोबर उलट. इथे कर देणं लागायला कुणाच्या बिलाची वाट बघायची नसते.

पूर्वी असं नव्हतं

आपल्याकडे १ एप्रिल १९८९ च्या आधी रिटर्न भरला की आयकर अधिकाऱ्याने त्यावर आकारणीचा आदेश काढायचा, अशी रचना होती. साध्या रिटर्नवर तो तुम्हाला न बोलावताही आदेश काढायचा, पण आदेश लागायचाच. हजारो माणसं टॅक्स भरत होती तोवर ठीक. ती लाखांत आणि कोटींत गेली की प्रत्येक कागदावर अधिकारी कसा बसवणार? २०२४ साली एकट्या ३१ जुलैपर्यंत ७ कोटी २८ लाख रिटर्न आले. प्रत्येकाला नुसती पाच मिनिटं द्यायची म्हटली तरी ३६ कोटी मिनिटं होतात!

१९८९ पासून ही सक्ती गेली. आता रिटर्न आला की बंगळुरूच्या केंद्रात कॉम्प्युटर तो तपासतो: बेरीज चुकली का, टीडीएस जुळतो का. मग तुम्हाला येते ती सूचना, लोक जिला इंटिमेशन म्हणतात. ती आली म्हणजे अधिकाऱ्याने तुमचं उत्पन्न तपासून मान्य केलं, असा अर्थ अजिबात नाही. गणित जुळलं, एवढाच अर्थ. खरी तपासणी मोजक्याच रिटर्नची होते, आणि त्यासाठी वेगळी नोटीस येते.

म्हणजे सौदा असा आहे: आम्ही सगळ्यांचं तपासणार नाही, तुमचा आकडा आधी मान्य करू. पण जे तपासू त्यात कमी दाखवलेलं सापडलं तर भारी पडेल. उत्पन्न कमी दाखवलं तर चुकवलेल्या टॅक्सच्या ५० टक्के दंड. मुद्दाम खोटं दाखवलं तर २०० टक्के. हा दंड म्हणजे या पद्धतीचा कणा आहे. तो नसता तर प्रत्येकाने आपलं उत्पन्न आपल्या सोयीने मोजलं असतं.

तुम्ही "असेसमेंट इयर" हा शब्द ऐकला असेल, मराठीत करनिर्धारण वर्ष. कमाई एका वर्षाची आणि त्यावर आकारणी पुढच्या वर्षी, अशी ती जुनी मांडणी. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्यात हा शब्द काढून नुसतं "कर वर्ष" ठेवलंय. कलमांचे नंबर बदलले, पण हिशेब तुम्हीच करायचा हे तसंच आहे. आपल्या मैत्रिणीचं वर्ष मात्र जुन्या कायद्यातलं.

बाहेर काय करतात?

जपानने १९४७ मध्ये, युद्धानंतरच्या पडझडीत, अधिकाऱ्याची आकारणी सोडून स्वयं-निर्धारण आणलं. सुरुवातीला फार ओढाताण झाली. लोकांकडे वह्या नीट नव्हत्या, आकडे कमी यायचे, मग अधिकारी पुन्हा आपल्या अंदाजाने वाढवायचे. त्यावर त्यांनी एक युक्ती केली. १९५० पासून, जो दुकानदार ठरलेल्या पद्धतीने हिशेबाच्या वह्या ठेवेल, त्याला निळ्या रंगाचा वेगळा रिटर्न आणि काही सवलती. म्हणजे "स्वतः मोजा" एवढं सांगून भागत नाही, मोजायला वही लागते, हे त्यांना कळलं.

आणि तिथल्या पगारदारांचं काय? बहुतेकांना रिटर्न भरावाच लागत नाही. वर्षअखेरीला कंपनीच शेवटचा हिशेब करून कमीजास्त टॅक्स पगारात मिटवते. कुणी वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली तर तो जुन्या कंपनीचा पगार-टॅक्सचा कागद नव्या कंपनीला देतो, आणि नवी कंपनी दोन्ही मिळून हिशेब करते. आपल्या मैत्रिणीचा घोळ तिथे सहसा होतच नाही.

सिंगापूरने दुसरी वाट धरली. तिथे आजही करखातं तुम्हाला आकारणीची नोटीस पाठवतं, आपल्या घरपट्टीसारखी. पटलं नाही तर तीस दिवसांत हरकत घ्यायची. हे जमतं, कारण मालक पगाराची माहिती थेट करखात्याला पाठवतात. देश लहान, माहिती आधीच ऑफिसात.

आणि उलटं उदाहरण आपल्या शेजारी, बंगळुरूत. तिथे २००० सालापासून घरपट्टीच मालकाने मोजायला सुरुवात केली. महापालिकेने भागाप्रमाणे दर जाहीर केले. तुम्ही आपलं घर मोजा, दराने गुणा, भरा. म्हणजे घरपट्टी ऑफिसनेच काढावी असंही काही नाही. टेप घेतलेली माणसं कमी पडली, पण दर साधे आणि जाहीर असले, तर तीही लोकांवर सोपवता येते. मात्र तिथेही कुणी घर कमी मोजलं तर नंतर तपासणी आणि दंड आहेच.

म्हणून प्रश्न असा विचारा: माहिती कुणाकडे आहे? ती ऑफिसला दिसत असेल तर ऑफिस मोजतं. ती तुमच्या दोन नोकऱ्यांत, एफडीत, शनिवारी केलेल्या बाहेरच्या कामात विखुरली असेल, तर तुम्ही मोजता.

मग तिने काय करायचं?

आता कामाचं बोलू. जुलै महिन्यात ती रिटर्न भरायला बसलीय असं धरा.

पहिलं, दोन्ही फॉर्म १६ समोर ठेवायचे आणि पगार दोन्हीकडचा मांडायचा, वजावट एकदाच. मग आयकराच्या पोर्टलवर AIS उघडून बघायचं. त्यात तुमच्याबद्दल खात्याकडे आलेली माहिती असते: पगार, बँकेचं व्याज, शेअरचे व्यवहार. तिथे काही जास्त दिसलं तर तपासा. पण तिथे काही दिसलं नाही, म्हणून ते उत्पन्न नाही असं होत नाही. ती खात्याकडची यादी आहे, तुमची नाही.

दुसरं, व्याज. पूर्ण वर्षाचा टॅक्स, टीडीएस जाऊन, १०,००० किंवा जास्त उरत असेल तर तो वर्षभरात हप्त्याने आगाऊ भरायला हवा होता. तिने भरला नाही. म्हणून एप्रिलपासून भरेपर्यंत महिन्याला एक टक्का. जुलैमध्ये भरला तर चार महिने, २,९६४ रुपये. शिवाय वर्षातले चार हप्ते चुकल्याचं वेगळं व्याज, ते साधारण ३,७०० च्या वर जातं. म्हणजे ७४,१०० चे जवळपास ८०,८०० झाले. पोर्टल हे व्याज स्वतः मोजून दाखवतं.

तिसरं, भरणा. पोर्टलवर e-Pay Tax मध्ये जाऊन प्रकार निवडताना Self-Assessment Tax (300) निवडायचं, आणि वर्ष २०२६-२७ चं. इथे वर्ष चुकलं तर पैसे खात्याकडे जातात पण तुमच्या रिटर्नला दिसत नाहीत, आणि मग दुरुस्तीच्या मागे फिरावं लागतं. भरल्यावर चलनाचा तपशील रिटर्नमध्ये आलाय ना, ते बघून मग सबमिट करा. आणि तीस दिवसांच्या आत ई-व्हेरिफाय. ते राहिलं तर रिटर्न वेळेत भरलाच नाही असं धरलं जाऊ शकतं.

तिने विचारलं होतं, "फक्त दुसऱ्या कंपनीचा फॉर्म १६ लावला तर?" बाई, तर टॅक्स शून्य येईल, रिटर्न स्वीकारला जाईल, कदाचित काही महिने कुणी विचारणारही नाही. पण सही तुझी आहे. पहिल्या कंपनीने पगाराची माहिती खात्याला दिलेली असेल, तर तो फरक कधीतरी समोर येणार, आणि तेव्हा ७४,१०० वर व्याज आणि दंड दोन्ही लागतील. चूक लक्षात आली आणि नेहमीची मुदत गेली असेल, तर पुढची चार वर्षं अपडेटेड रिटर्न भरता येतो, पण जितका उशीर तितका जादा टॅक्स: २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत.

आणि हे सगळं टळलं कसं असतं? ऑक्टोबरमध्ये. नव्या कंपनीत रुजू होताना फॉर्म १२बी मध्ये जुन्या पगाराची माहिती दिली असती तर. मग दुसऱ्या कंपनीला पूर्ण वर्ष दिसलं असतं. त्यांनी ७४,१०० सहा महिन्यांत वाटून कापले असते, महिना १२,३५०. टॅक्स तेवढाच, पण व्याज नाही, आणि जुलैमध्ये धक्का नाही. जपानमध्ये जो कागद द्यायची रीतच आहे, तोच आपल्याकडे मर्जीवर आहे. म्हणून बहुतेक जण देत नाहीत, आणि एचआरही आठवण करतंच असं नाही.

तर मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर: चुकलं कुणीच नाही. घरपट्टीचं बिल येतं कारण तुझी खोली महापालिकेला दिसते. इन्कम टॅक्सचं बिल येत नाही कारण तुझ्या दोन नोकऱ्या एकाच वेळी फक्त तुला दिसत होत्या. "टीडीएस शून्य" आणि "टॅक्स शून्य" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कंपनी सांगते, दुसरी तुला सांगायची असते.

या वर्षी नोकरी बदलली असेल तर आज ऑफिसला पोचल्यावर एचआरला एवढंच विचारा: "माझ्या आधीच्या पगाराचा तपशील तुमच्याकडे आलाय का?" उत्तर "नाही" आलं, तर अजून वेळ आहे.

भेटू पुढच्या भागात. वसई रोडला उतरणाऱ्यांनी आत्ताच दाराकडे सरका!